घरी अखंड पाठ की सहज पाठ?

आमच्याकडे नांदेडला दोन्ही झालेत म्हणून सांगतो. अखंड पाठ म्हणजे गुरू ग्रंथ साहिबचे १४३० अंग, म्हणजे पानं, साधारण ४८ तासांत न थांबता वाचायचे, शुक्रवारी सकाळी १० ला सुरू केला की रविवारी १० च्या सुमारास भोग, म्हणजे पाठाची समाप्ती. पाठ वाचणारे पाठी गुरुद्वारातून आधीच बुक करा, ते आळीपाळीने बसतात, आणि रात्री ३ ला पाळी बदलताना दार उघडायला, चहा द्यायला घरातलं कुणीतरी जागं लागतंच. खोली स्वच्छ, ग्रंथाच्या वर चांदोआ म्हणजे कापडी छत, डोकं झाकलेलं, चपला बाहेर. लंगर साधा शाकाहारी, डाळ-रोटी-खीर पुरते. काहीजण पाठाजवळ कुंभ-नारळ ठेवायला सांगतात, पण रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, ते चालत नाही, आणि पाठी वाचतायत नि घरचे सगळे झोपलेत हेही तिला मान्य नाही, खरी चूक तिथेच होते.

सहज पाठाला घाई नाही, रोज १० अंग वाचले तर १४३ दिवस, घरचेच वाचतात, लंगर फक्त भोगाला. मात्र महाराजांसाठी, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबसाठी, खोली तेवढे महिने राखून ठेवावी लागते. वन बीएचकेत घरचे तिघंच असू तर मी अखंड पाठ घेणार नाही.