एनओसी हातात असताना ९,५०० रुपये घालवले, तुम्ही घालवू नका

बाईकचं लोन मी मुदतीआधी फोरक्लोज केलं, काही देणं बाकी नाही अशी बँकेची एनओसी घेतली, आरटीओत जाऊन आरसीवरचं एचपी, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, पण काढून आणलं. दोन वर्षांनी होमलोनला गेलो तर अर्ज रिजेक्ट. क्रेडिट रिपोर्टमध्ये तेच खातं चालू, १,४१६ रुपये थकीत. १,२०० कसला तरी चार्ज आणि वर १८ टक्के जीएसटी, लोन बंद केलं त्याच दिवशी लावलेला, मला ना एसएमएस ना पत्र!

आधी मी स्वतःच हा रिपोर्ट बनवणाऱ्या क्रेडिट ब्युरोकडे ऑनलाइन डिस्प्यूट टाकला होता हो, एवढा बावळट नाहीये मी. पण ब्युरो स्वतःहून काही बदलत नाही, बँकेला विचारतो, आणि बँकेनं "माहिती बरोबर आहे" असं ठोकून दिलं की डिस्प्यूट बंद. ब्रँचवाले म्हणे हेड ऑफिसला विचारा, हेड ऑफिसवाले म्हणे ब्रँचला. त्या वैतागात स्कोअर दुरुस्त करून देणारा एजंट गाठला. फी ८,५०० आधीच.

त्यानं काय केलं, तर बँकेशी बोलून १,४१६ चे १,००० करून घेतले. "४१६ वाचवले बघा साहेब." मोबाईलवर ओटीपी आला, त्या मेसेजमध्ये सेटलमेंट हा शब्द स्पष्ट लिहिलेला, मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये उभा, वाचला आणि तरी सांगितला. अजून तो मेसेज डिलीट केलेला नाही. रिपोर्टमध्ये स्टेटस लागलं सेटल्ड. सेटल्ड म्हणजे यानं पूर्ण पैसे फेडले नाहीत, बँकेनं कमी घेऊन सोडला. म्हणजे जे देणं मी लागतच नव्हतो ते मीच कबूल केलं, वर ४१६ बुडवणारा ठरलो. एजंटचा फोन बंद.

मग एनओसी आणि लोनचं स्टेटमेंट जोडून बँकेच्या नोडल ऑफिसरला लेखी तक्रार केली. तोंडी बोलू नका, तक्रार नंबर घ्या, दिवस तिथून मोजले जातात. मागणी नीट लिहा: चार्ज रिव्हर्स, स्टेटस क्लोज्ड आणि मागच्या महिन्यांचे डीपीडी, म्हणजे किती दिवस थकलं ते आकडे, पण शून्य, नाहीतर नुसतं स्टेटस बदलतात आणि उशिराचे आकडे तसेच राहतात.

२६ एप्रिल २०२४ पासून नियम आहे, ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढे रोज १०० रुपये भरपाई. त्यातले पहिले २१ दिवस बँकेचे, तेवढ्यात तिनं ब्युरोला माहिती पाठवायची. माझ्या बँकेनं महिनाभर उत्तरच दिलं नाही. त्यानंतर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बड्समनकडे तक्रार टाकली, तेव्हा कुठे हलले, दुरुस्ती झाली ७४ व्या दिवशी. वरचे ४४ दिवस, म्हणजे ४,४०० रुपये. निकालानंतर ५ कामाच्या दिवसांत खात्यात यायला हवेत. आज अकरावा दिवस. ब्रँचमध्ये विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "असा नियम आहे का? सर्क्युलर आणून द्या." प्रिंट काढलीये, उद्या देतो.