एक वर्षाची ठेव की तीन वर्षांची? आधी महागाई वजा करून बघा

लातूरच्या आडतीवर सोयाबीन घातलं, पट्टी झाली, देणी भागवून २ लाख रुपये उरले. बँकेत दोन पर्याय आहेत. समजा एका वर्षाच्या ठेवीला ६.५ टक्के व्याज आहे आणि तीन वर्षांच्या ठेवीला ६.७५. पाटीवरचा आकडा बघून तीन वर्षांची ठेव सरस वाटते. पण पैसे परत येतील तेव्हा त्यांत किती माल येईल, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. ते आपणच काढायचं.

आधी महागाई. ग्राहक किंमत निर्देशांक दर महिन्याला जाहीर होतो. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत देशाचा एकत्रित निर्देशांक ऑक्टोबर २०२३ मध्ये १८५.३, ऑक्टोबर २०२४ मध्ये १९६.८ आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये १९७.३ होता. नव्या आकड्यातून जुना वजा करायचा, उरेल त्याला जुन्या आकड्याने भागायचं आणि १०० ने गुणायचं. पहिल्या वर्षी ११.५ ÷ १८५.३, म्हणजे ६.२१ टक्के. दुसऱ्या वर्षी ०.५ ÷ १९६.८, म्हणजे जेमतेम ०.२५ टक्के.

इथे दोन चुका नेहमी होतात. निर्देशांक अर्ध्या अंकाने वाढला म्हणून महागाई अर्धा टक्का, असं कुणी धरतं. जुन्या आकड्याने भागायचं राहून जातं. दुसरी चूक म्हणजे ऑक्टोबरची तुलना जूनशी करणं. भाजीपाल्याचे भाव हंगामाप्रमाणे हलतात, म्हणून महिना तोच हवा. मालिकाही तीच हवी, कारण पायाभूत वर्ष बदललं की आकडे थेट जुळत नाहीत.

आता खरा व्याजदर. बरेच जण व्याजातून महागाई सरळ वजा करतात. अंदाजापुरतं ते चालतं. अचूक हवं असेल तर ६.५ टक्क्यांसाठी १.०६५ ला (१ + महागाई ÷ १००) ने भागा, त्यातून १ वजा करा आणि १०० ने गुणा. ६.५ टक्क्यांच्या त्याच ठेवीचं वेगवेगळ्या महागाईत काय होतं ते पाहा:

| येत्या वर्षाची महागाई | खरा व्याजदर |
|---|---|
| ०.२५ टक्के | ६.२३ टक्के |
| ४ टक्के | २.४० टक्के |
| ६.२१ टक्के | ०.२७ टक्के |

ठेव तीच, पावती तीच, तरी एका ओळीत चांगला लाभ आहे आणि दुसरीत जवळजवळ काहीच नाही. म्हणून यातली कोणती ओळ धरायची हा खरा प्रश्न आहे, आणि उत्तर मागच्या महागाईत सापडत नाही. ठेवीचं व्याज पुढच्या वर्षात मिळतं, तेव्हा महागाईही पुढचीच लागते. ऑक्टोबर २०२५ चा ०.२५ टक्का मुख्यतः भाज्या आणि डाळी वर्षभरापूर्वीच्या चढ्या भावांवरून उतरल्यामुळे आला होता. (तूर पिकवणाऱ्याच्या घरात ही स्वस्ताई कमाईतल्या तोट्याच्या रूपानेच पोहोचते.) तो आकडा पुढे धरणं धोक्याचं आहे. मी ४ टक्के धरतो, कारण रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य तेवढं आहे. दोन टक्के इकडेतिकडे होण्याची मुभाही त्यातच आहे. म्हणून ६ टक्के धरूनही एकदा हिशेब करून बघावा. खेड्यातल्या घरांसाठी ग्रामीण निर्देशांक अधिक जवळचा, कारण त्याच मालिकेत अन्नपदार्थांचा वाटा तिथे निम्म्याहून जास्त आहे.

आता दोन ठेवी शेजारी ठेवू. महागाई ४ टक्के राहिली तर तीन वर्षांच्या ठेवीचा खरा दर २.६४ टक्के येतो, एका वर्षाच्या ठेवीचा २.४०. पण एक गोष्ट सहज निसटते. तेवढ्याच तीन वर्षांची तुलना करायची असेल तर महागाई दोन्हीकडे सारखीच लागू होते. निवड ठरते ती एका वर्षाची ठेव पुढे कोणत्या दराने नवी होईल यावर. ती ६.५, मग ७, मग ७.५ टक्क्यांनी नवी झाली तर २ लाखांचे सुमारे २,४५,००० होतात. दर ६ वर उतरला आणि तिथेच राहिला तर २,३९,३००. तीन वर्षांची ठेव मात्र २,४३,३०० देणार, हे आजच ठरलेलं आहे. (व्याज वर्षाला एकदाच जमा होतं असं धरलंय, बँका बहुधा तिमाहीला जमा करतात, त्यामुळे रक्कम थोडी जास्त येते.)

ठरलेल्या रकमेलाही महागाईची झळ बसतेच. तीन वर्षांत महागाई ३, ५ आणि ६ टक्के झाली, तर त्या २,४३,३०० मध्ये आजच्या सुमारे २,१२,२०० रुपयांइतकाच माल येईल. व्याजावर कर लागत असेल तर करानंतरचा दर धरूनच हा भागाकार करा.

माझं मत असं: पैसा जूनच्या पेरणीला लागणार असेल तर तीन वर्षांचा विचारच नको, मुदतीआधी मोडलेल्या ठेवीवर सहसा व्याज कापलं जातं. मुलीच्या शिक्षणासाठी तीन वर्षांनी लागणार असेल आणि व्याजदर उतरतील असं वाटत असेल तर तीन वर्षांची ठेव घ्या. दर चढतील असं वाटत असेल, तर दरवर्षी नव्या दराने फिरवता येणारी एका वर्षाची ठेव बरी.