डोहाळजेवणाच्या फोटोवर गाऊन चढवणं : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमचा सांगलीला छोटा स्टुडिओ आहे, आणि गेले आठ महिने मी एकच काम सारखं करतोय ते म्हणजे गरोदर बाईच्या साध्या फोटोवर फोटोशॉपमध्ये मॅटर्निटी गाऊन बसवून देणं. सुरुवात झाली कारण एका ताईंना सातव्या महिन्यात बेडरेस्ट सांगितली, शूट रद्द झालं, आणि घरी खिडकीशी उभं राहून नवऱ्याने मोबाईलवर काढलेला ढगळ कुर्त्यातला एकच फोटो हाताशी होता. त्यांना वाईन कलरचा गाऊन हवा होता. म्हटलं होईल की, चेहऱ्याखालचं बदलायचं तर आहे, त्यात काय.

पहिला प्रयत्न पाठवला आणि त्यांच्या सासूबाईंचा व्हॉइस मेसेज आला, "पोट चिकटवल्यासारखं दिसतंय हो, तिचं वाटत नाही." खरं सांगतो, राग आला होता, सहा तास घातले होते त्यात. पण मोबाईलवर लहान करून बघितलं तर त्या बरोबरच होत्या.

चूक कुठे होती ते कळायला मला दोनेक महिने लागले. मी एका बारीक मॉडेलच्या अंगावरचा गाऊन कापून घेतला आणि वार्पने पोटापाशी फुगवला. पण फुगवलं की कापडाची वीणसुद्धा फुगते, चुण्या रुंद होतात, आणि कमरेची शिवण पोटाच्या मधोमध येऊन बसते. खऱ्या मॅटर्निटी गाऊनला कमर तिथे नसतेच, शिवण छातीच्या लगेच खाली असते आणि तिथून कापड पोटावरून येतं. पोटाचा सगळ्यात पुढे आलेला भाग म्हणजे जणू खुंटी, कापड तिथपर्यंत ताणलेलं आणि तिथून खाली सुटं लोंबतं. पोटाच्या खाली ते अंगाला लागत नाही (लायक्राचा अगदी चिकट गाऊन सोडून), मधे पोकळी राहते आणि तिथे सावली पडते. शिवाय पुढचं कापड पोटावरून जाताना वर खेचलं जातं, म्हणून साध्या ड्रेसचा घेर पुढून उचललेला दिसतो, आणि मॅटर्निटी कपड्यात टेलर पुढची लांबी मुद्दाम जास्त ठेवतात. हे सगळं मला फोटोशॉपने नाही, शेजारच्या ब्लाउज शिवणाऱ्या काकूंनी शिकवलं.

आता मी काम सुरू करताना गाऊनला हातच लावत नाही. आधी पेन टूलने मूळ फोटोवर तीन रेघा काढतो, एक छातीखालची, एक पोटाच्या टोकावरून जाणारी, एक पोट संपून मांड्या सुरू होतात तिथली. ढगळ कुर्त्यात टोक कुठे आहे ते कळत नाही, मग बघायचं की कुर्ता कुठे ताणलाय, उजेडाचा मोठा डाग कुठे आहे, आणि हात पोटावर असेल तर तळवा कुठे टेकलाय. तरी अंदाजच तो. म्हणून आता सरळ सांगतो, त्याच जागी, त्याच पोझमध्ये घट्ट टीशर्टवर अजून एक फोटो पाठवा, तो कुणाला दाखवणार नाही, फक्त आकार घ्यायला. या एका फोटोने निम्मा त्रास वाचला.

दुसरा फायदा झाला तो गाऊन स्वतः शूट करण्याचा. भाड्याचा गाऊन डमीवर चढवला आणि आत उशी बांधली. उशी फसली, ती वर सपाट आणि कडेला टोकदार दिसते. मग अर्धवट हवा काढलेला फुटबॉल जुन्या ओढणीत गुंडाळून बांधला, आमच्या स्टुडिओतली पोरगी हसून लोळली पण आकार बरोबर आला. कॅमेरा मूळ फोटोत जेवढ्या उंचीवर होता तेवढाच ठेवतो, उजेड त्याच बाजूने. हे दोन चुकले तर पुढे कितीही घासा, गाऊन वेगळ्या खोलीत काढलेला दिसतो.

मग गाऊन स्मार्ट ऑब्जेक्ट करून वार्प, आणि त्या तीन रेघांवर स्प्लिट वार्पने आडव्या चिरा देतो, म्हणजे पोटाचा भाग ओढला तरी छातीचा हलत नाही. प्लेन गाऊन असेल तर बहुतेक वेळा एवढंच पुरतं.

पट्ट्या किंवा प्रिंट असेल तर `Filter > Distort > Displace` लागतं, आणि इथेच मी सगळ्यात जास्त वेळ वाया घालवला. व्हिडिओत दाखवतात तसा मी मूळ कुर्त्याचाच ब्लॅक अँड व्हाइट मॅप बनवायचो. झालं काय, तर रेशमी गाऊनवर कॉटन कुर्त्याच्या चुरगळ्या उमटल्या. जुन्या कापडाच्या घड्या नव्या कापडाला द्यायच्याच नाहीत, फक्त अंगाचा गोलपणा द्यायचा. म्हणून आता कोरा राखाडी ग्रेस्केल मॅप घेतो, त्यावर पोटाचा गोल मऊ ब्रशने रंगवतो, भरपूर ब्लर देतो आणि पीएसडी म्हणून सेव्ह करतो. मधला राखाडी, म्हणजे १२८, असेल तिथे कापड हलत नाही, उजळ आणि गडद भागात ते उलट दिशांना सरकतं. आडवा स्केल ० ठेवतो, नाहीतर पट्ट्या तिरप्या पळतात. उभा साधारण १२, म्हणजे जास्तीत जास्त १५ एक पिक्सल सरकणार (१०० ला १२८ पिक्सल असा हिशेब आहे). मोबाईलच्या फोटोला एवढं बस झालं. चिकट गाऊनवर पट्ट्या बरोबर बसल्यात का ते पोटाच्या खालच्या अंगाला बघायचं, तिथला पृष्ठभाग खाली वळतो म्हणून पट्ट्या एकमेकींच्या जवळ आलेल्या दिसायला पाहिजेत. सारख्या अंतरावर राहिल्या की पोट लगेच सपाट पाटी वाटतं.

सावलीला मल्टिप्लाय लेयर, पण काळा रंग नाही, गाऊनच्याच सगळ्यात गडद घडीतला रंग उचलायचा. वाईन कलरवर काळी सावली टाकली की राख लावल्यासारखी दिसते. आणि हात! पोटावरचा हात मूळ फोटोतलाच ठेवतो, बोटांखाली दोन सावल्या देतो, एक अगदी बोटाला लागून बारीक, एक जरा पसरट. बारीक वाली विसरलं की हात हवेत तरंगतो. बोटं टेकलीत तिथे कापडाला अगदी छोटीशी चुणीही द्यावी लागते.

एक गोष्ट करत नाही, ती म्हणजे लिक्विफायने पोट लहानमोठं करणं. एकदा नवऱ्याच्या सांगण्यावरून केलं होतं, फोटो बघून ताई म्हणाल्या हे माझं बाळ नाहीच. पैसे परत दिले.

त्या पहिल्या ताईंचा फोटो मी चार महिन्यांनी फुकट परत करून दिला, फुटबॉलवाल्या गाऊनने, दोन तासात झाला. सासूबाईंचा मेसेज आला, "आता शिवण बरोबर जागी आलीये."

उभ्या आणि तिरप्या पोझला हे सगळं चालतं. बसलेल्या फोटोत मांडीवर कापड गोळा होतं ते मला अजून धड जमत नाही, दहातले सात परत पाठवतो. आणि हिरवी साडी करून द्या म्हणून जे फोन येतात त्यांना नाहीच म्हणतो, गरोदर बाई निऱ्या पोटाखाली खोचते आणि पदर पोटावरून आडवा येतो, ते कापड कुठे कसं दाबलं जातं ते डमीवर नेसवून बघितलं, काकूंनीच नेसवली, पण फुटबॉल घसरला.