चिऱ्याच्या कंपाउंडवरचं शेवाळ आणि काळे डाग: ब्लीचिंग पावडर सोडून बीकेसी वापरल्यानंतर

घर रत्नागिरीजवळ. कंपाउंड जांभ्या चिऱ्याचं, गिलावा न केलेलं. रस्त्यावरून खळ्यापर्यंत चढणाऱ्या पायऱ्याही चिऱ्याच्याच. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे आर्द्रा लागली की पायऱ्या बुळबुळीत होतात आणि गणपतीत पाहुणे येईपर्यंत कंपाउंड काळंकुट्ट झालेलं असतं. गेल्या आषाढापासून मी यावर बीकेसी, म्हणजे बेंझाल्कोनियम क्लोराइडचं द्रावण वापरतोय. (नाव काढलं की मुंबईकडची मंडळी हसतात, हसू देत.) त्याआधी वर्षानुवर्षं ब्लीचिंग पावडरच होती.

हिरवं आणि काळं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पायऱ्यांवर सावलीत वाढतं ते हिरवं शेवाळ. उन्हाळ्यात वाळून तपकिरी होतं, मेल्यासारखं दिसतं आणि पहिल्या पावसात पुन्हा टवटवीत. कंपाउंडवरचं काळं मात्र बहुतेक ठिकाणी धूळ किंवा काजळी नसते. तेही सूक्ष्मजीवच असतात, सायनोबॅक्टेरिया. ऊन सोसण्यासाठी ते स्वतःभोवती गडद रंगाचं आवरण तयार करतात, म्हणून भर उन्हातल्या भिंतीवरही टिकतात. मे महिन्यात कितीही तापलं तरी हे काळं जात नाही ते यामुळेच. पण चिऱ्यात मूळचेही लोहाचे काळपट ठिपके असतात, आणि ते घासत बसण्यात अर्थ नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. डागावर ब्लीचच्या पाण्याचे दोन-तीन थेंब टाका. पाचदहा मिनिटांत रंग फिका पडला तर डाग जिवंत, नाही पडला तर तो दगडाचाच रंग.

ब्लीचिंग पावडरीचं माझं माप पाच लिटर पाण्याला साधारण १५० ग्रॅम. ढवळून अर्धा तास ठेवायची आणि वरचं निवळ पाणीच घ्यायचं, कारण खालचा चुन्याचा गाळ लाल चिऱ्यावर पांढरे ओघळ सोडतो आणि ते काळ्याहून वाईट दिसतात. पाणी ओतून पंधरा-वीस मिनिटांनी काथ्याच्या ब्रशने घासायचं आणि धुवायचं. डोळ्यांदेखत फरक पडतो, हा तिचा मोठा गुण. गणपती चार दिवसांवर आलेत आणि पायऱ्यांवरून म्हाताऱ्या माणसांना चढायचंय, अशा वेळी मी अजूनही हीच वापरतो. पण क्लोरीन वरच्यावर उडून जातो. चिऱ्याच्या भोकांत खोलवर जे बसलेलं असतं ते वाचतं आणि भर पावसात तीन-चार आठवड्यांत हिरवट झाक परत दिसू लागते. शिवाय दमट हवेत उघडी राहिलेली पावडर गोळा होते आणि तिचा जोर जातो. डबा उघडल्यावर नाकाला झणझणलं नाही तर ती घेऊन घासण्यात नुसती हमाली.

बीकेसीची गोष्ट अगदी उलटी. कोळंबी-मत्स्यशेतीचं आणि पोल्ट्रीचं औषध विकणाऱ्या दुकानात ते ५० टक्क्यांचं मिळतं. त्यातलं १०० मिली पाच लिटर पाण्यात घातलं की १ टक्क्याचं द्रावण होतं. काळ्या डागांसाठी मी २०० मिली घेतो. मूळ द्रावण हाताळताना रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण ते कातडी आणि डोळे भाजतं. आंब्याच्या फवारणीचा पंप चालतो, पण आधी नुसत्या पाण्याने खळखळून धुतलेला हवा. साबणाचा किंवा कपड्याच्या पावडरीचा अंश राहिला तर औषध निकामी होतं. साबणाने घासून मग फवारायचं हा आमच्याकडचा नेहमीचा क्रम इथे उलटा पडतो.

फवारणीला उघडीप लागते. चिरा ठिबकणारा नको, नुसता ओलसर किंवा कोरडा हवा, आणि पुढे निदान पाच-सहा तास पाऊस नको. आषाढात असा दिवस हेरणं हेच खरं काम. श्रावणात जरा सोपं जातं. आधी जाड शेवाळ थापीने खरवडून काढायचं, नाहीतर औषध शेवाळच पितं आणि दगडापर्यंत पोचत नाही. मग खालून वर, दगड चिंब होईल पण ओघळणार नाही, इतकंच फवारायचं. चिरा भरपूर पितो. पाच लिटरात दीडशे चौरस फूट झालं तर खूप. त्यानंतर धुवायचं नाही.

आणि मग काहीच होत नाही! घरच्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, पैसे पाण्यात घातलेस ना? आठवड्याभरात पायऱ्यांवरचं हिरवं पिवळट-तपकिरी झालं. काळ्याला महिना लागला. ते आधी राखाडी झालं, मग प्रत्येक सरीबरोबर थोडं थोडं निघत गेलं. जवळून पाहिलं तर चिऱ्याच्या भोकांच्या कडा आधी लाल दिसू लागल्या आणि मधला भाग शेवटी. दगडफुलाचे पांढरे-करडे चट्टे मात्र सगळ्यात चिवट. दिवाळीनंतर ते नखाने सुटायला लागले, काही अजून आहेत.

पायऱ्यांबाबत एक सांगून ठेवतो. मेलेलं शेवाळही तितकंच निसरडं असतं. फवारलं म्हणजे पायरी चालायला सुरक्षित झाली असं नाही, खरवडणं आणि खराट्याने घासणं चुकत नाही.

यंदा मृग लागल्यावर पाहिलं तर उन्हातलं, रस्त्याकडचं कंपाउंड लालच होतं. तिथे पुन्हा फवारायची गरज नाही. उत्तरेकडच्या बाजूला फणसाखाली मात्र हिरवा थर परत धरलाय, आणि जिथे पागोळ्यांचं पाणी थेट चिऱ्यावर पडतं तो पट्टा तर फवारलाच नव्हता असा दिसतो. सतत पाणी वाहणाऱ्या जागी कुठलंही औषध टिकत नाही, ते धुपून जातं. त्या बाजूला मी आता पन्हळ लावून घेतली आणि फणसाच्या खालच्या फांद्या उतरवल्या.

विहिरीजवळ बीकेसी अजिबात नेत नाही. मासे आणि बेडकांना ते अगदी थोड्या प्रमाणातही मारक आहे. विहिरीच्या कठड्याला नुसता ब्रश आणि कोपराचा जोर. तुळशीवृंदावनाभोवतीही हातभर जागा सोडतो.

प्रेशर वॉशरबद्दल बरेच जण विचारतात. शेजारच्या एका घरी भाड्याने आणून चिरा धुतला होता. त्या दिवशी भिंत नवीकोरी दिसली. पण चिरा हवेवर राहून वरून कडक होतो आणि पाण्याच्या झोताने नेमका तोच कडक थर उडतो. आतला मऊ, पिवळसर मातकट भाग उघडा पडतो. आता त्यांच्या भिंतीला बोटभर खळगे आहेत, खळग्यांत पाणी साचतं आणि शेवाळ आमच्याहून आधी येतं. गुळगुळीत काळ्या दगडाच्या किंवा काँक्रीटच्या पायऱ्यांना वॉशर चालेल, जांभ्याला नको. संडास साफ करायचं ॲसिडही नको. त्याने चिऱ्यांमधल्या सिमेंटच्या दरजा खातात, आणि ब्लीचिंगशी गाठ पडली तर क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. दोन्ही एकाच मोरीत धुवायलाही जाऊ नका.

पैशाचं म्हणाल तर बीकेसी लिटरमागे महाग वाटतं, पण एक लिटर आमच्या अख्ख्या कंपाउंडला पुरून उरलं. दरवेळी ब्लीचिंग घासायला गडी लावायचो, त्याची मजुरी धरली तर स्वस्तच पडलं. ज्याचं कंपाउंड गिलाव्याचं आहे त्याने मात्र या भानगडीत न पडता मे महिन्यात घासून चुना मारावा. आमच्या गोठ्याच्या भिंतीला तेच करतो आणि तिथे पहिला पावसाळा तरी काळं धरत नाही.