सुवर्णरोखा की जळगावचं सोनं?

कापसाचे पैसे आले की मावशी दरवर्षी जळगावला सोनं घ्यायला जाते. यंदा तिने विचारलं, सरकारचे सुवर्णरोखे, म्हणजे सोन्याच्या भावाने परतफेड होणारे कागद, घेणाऱ्यांना सोन्यापेक्षा खरंच जास्त मिळालं का? या रोख्यांच्या पहिल्या मालिकेचा हिशेब पूर्ण झालाय, तोच मांडतो.

नोव्हेंबर 2015 मध्ये रोख्याचा भाव ग्रॅमला 2,684 रुपये होता. दहा ग्रॅमचे 26,840. आठ वर्षांनी परतफेड 6,132 च्या भावाने, म्हणजे 61,320. शिवाय वर्षाला पावणेतीन टक्के व्याज. पण ते मूळ भावावर, त्या दिवशीच्या भावावर नाही! त्यामुळे वर्षाला 738 रुपये कायम; शेवटी सोन्याच्या किमतीच्या मानाने हे व्याज जेमतेम सव्वा टक्का उरलं. आठ वर्षांचं व्याज सुमारे 5,905, एकूण 67,225. व्याजावर आयकर लागतो, मूळ घेणाऱ्याला मुदतीनंतरच्या नफ्यावर नाही.

त्याच भावाने शुद्ध सोन्याचं नाणं घेतलं असतं, तर फार तर 61,320 मिळाले असते. दागिन्यावर दहा टक्के मजुरी धरली, तर सुरुवातीलाच 2,684 गेले आणि मोडताना ते परत येत नाहीत.

फेब्रुवारी 2024 नंतर नवीन रोखे निघालेले नाहीत. आता शेअर बाजारातून जुने घ्यावे लागतात, तेव्हा सोन्याच्या भावापेक्षा किती जास्त मोजतोय ते आधी बघा. तो फरकच व्याज खाऊन टाकू शकतो.

लेकीच्या लग्नाला अंगावर घालायचं किंवा पेरणीला गहाण टाकायचं, तर सोनंच घ्या. नुसती बचत असेल आणि मुदतीपर्यंत हात लावायचा नसेल, तर वाजवी भावात मिळालेला रोखा सरस.