कान चिघळतो की बोट हिरवं होतं? समुद्रकाठी दागिन्याचा धातू निवडताना

पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की आमच्याकडे त्यात ताक ठेवत नाहीत, सोलकढी तर नाहीच. कळकते. आंबट लागलं की पितळेतलं तांबं सुटतं. मुलाम्याच्या अंगठीखाली बोट हिरवं होतं तेही असंच. सोन्याचा पातळ थर झिजतो, घामातलं मीठ आणि आम्ल खालच्या पितळेला भिडतं आणि तांब्याचे हिरवट क्षार कातडीवर बसतात. साबणाने धुतले की जातात. खाज नाही, पुरळ नाही, अपायही नाही.

कान चिघळणं हे निराळं दुखणं आहे आणि त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा निकेल असतं. निकेलचे कण घामात विरघळून कातडीत शिरतात आणि ज्यांच्या शरीराने एकदा निकेलशी वैर धरलं, त्यांना ते सहसा जन्मभर पुरतं. दागिना घातल्या घातल्या काही होत नाही. एक-दोन दिवसांनी खाज सुटते, पाळी लाल होते, पाणी सुटतं, मग खपली धरते. मालवणातल्या आमच्या दुकानात रोज कोणीतरी ‘हे घातलं तर काही होणार नाही ना?’ असं विचारतं. तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच असतो, की हिरवं होतं की खाजतं? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. आणखी एक खूण विचारते: जीन्सच्या धातूच्या बटणाखाली, बेंबीच्या खाली कधी पुरळ येतं का? येत असेल तर निकेलचा संशय पक्का होत जातो.

माझी देवगडची आतेबहीण गेल्या पावसाळ्यात आली ती दोन्ही तक्रारी घेऊन. एक ग्रॅमच्या झुमक्यांनी कान खाजायचे म्हणून तिने ते सोडले आणि आईचे बावीस कॅरेटचे टॉप्स घातले. तरी कान बरा होईना. “सोन्याचे घातलंय, तरी कान कित्याक चिघळता?” असं ती मला विचारत होती. शिवाय जत्रेत घेतलेल्या अंगठीने बोटाला हिरवा पट्टा.

मी तिची पाळी नीट पाहिली. पुढून, जिथे सोन्याचं फूल टेकतं तिथे कातडी स्वच्छ होती. लाली आणि खपली सगळी मागच्या बाजूला. तिला विचारलं, फिरकी मूळचीच आहे का? नव्हती. एक हरवली म्हणून तिने बाजारातून साध्या फिरक्यांचा जोड आणला होता, पिवळा, चकचकीत.

आमच्याकडे निकेल तपासायच्या द्रावाची बाटली असते. डायमिथाइलग्लायॉक्झिम असं त्याचं लांबलचक नाव. कापूस गुंडाळलेल्या काडीवर त्याचा थेंब घ्यायचा आणि दागिन्यावर साधारण अर्धा मिनिट घासायचं. निकेल सुटत असेल तर कापूस गुलाबी होतो. तिच्यासमोर चारही वस्तू तपासल्या. टॉपच्या सोन्याच्या दांडीवर कापूस पांढराच राहिला. फिरकीवर गडद गुलाबी. झुमक्याच्या आकड्यावर गुलाबी. अंगठीच्या आतल्या बाजूला रंग नाही, म्हणजे तिथे नुसतं तांबं-पितळ. सोनं निर्दोष होतं आणि हिरव्या बोटाचा खाजेशी संबंध नव्हता. आठवडाभर साध्या फिरक्या काढून ठेवल्यावर मागची खपली गळून पडली.

या तपासणीची एक मर्यादा आहे. मुलामा नवाकोरा असेल तर खालचं निकेल झाकलेलं असतं आणि कापूस पांढरा राहतो. म्हणून वापरून झिजलेल्या जागी, दांडीच्या टोकाला किंवा अंगठीच्या आत घासायचं. लोहचुंबकावर मात्र भरवसा ठेवू नका. मुलाम्याखालचा निकेलचा थर इतका पातळ असतो की हातातल्या चुंबकाला तो कळत नाही, आणि निकेल असलेलं स्टीलसुद्धा सहसा चुंबकाला चिकटत नाही. खात्रीच करायची तर त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट करतात. पट्ट्या दोन दिवस ठेवतात, काढल्यावर पाहतात आणि पुन्हा दोनेक दिवसांनी पाहतात. पाळी गरम होऊन सुजली, पू आला, ताप आला तर ते धातूचं भांडण नव्हे, तो जंतुसंसर्ग. सरळ डॉक्टरकडे जा.

आता निवड. मी प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न लावते: वरचा थर गेला की खाली काय निघतं? आमच्या हवेत थर लवकर जातो. मार्च ते मे घाम, जून ते सप्टेंबर ओल, आणि बारा महिने खारं वारं. सोन्याच्या पातळ थराला सूक्ष्म छिद्रं असतात. खारट ओलावा त्या छिद्रांतून आत गेला की सोन्याशेजारचं तांबं एरवीपेक्षा भराभर गंजतं. कपाटात ठेवलेल्या दागिन्यावर गणपतीच्या आधी हिरवे ठिपके दिसतात ते हेच.

साध्या मुलाम्याच्या दागिन्यात पितळेवर आधी निकेलचा थर देतात आणि त्यावर सोनं. निकेल देण्याला कारण आहे. त्याने चकाकी येते आणि तांबं हळूहळू सोन्यात वर चढत नाही. पण वरचं सोनं बऱ्याचदा मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही कमी असतं. ते घासलं गेलं की कातडीला थेट निकेल लागतं. ज्यांना निकेल सोसत नाही त्यांनी कानात हे घालूच नये, एका लग्नापुरतंसुद्धा, कारण तेवढ्या दोन दिवसांनी पुढचे दोन आठवडे जातात. ज्यांना सोसतं त्यांनी खुशाल घालावं.

निकेलविरहित मुलामा हा त्याचा चांगला भाऊ. यात निकेलऐवजी कांशाच्या जातीचा मिश्रधातू किंवा पॅलेडियमचा थर देतात. थर गेला तर बोट हिरवं होईल, पण खाजणार नाही. हौसेचे मोठे झुमके, ठुशी, बांगड्या यासाठी मला हा पर्याय पटतो. अडचण एवढीच, की डोळ्यांनी फरक कळत नाही. पाकिटावर ‘हायपोअलर्जेनिक’ छापलेलं असलं तरी त्या शब्दामागे ठरलेलं माप नाही. विक्रेत्याला नेमकं विचारा, सोन्याच्या खालचा थर कशाचा आहे? उत्तर देता आलं नाही तर निकेलच आहे असं समजा. युरोपीय संघाच्या नियमात बसणारा माल असेल तर गोष्ट वेगळी, कारण तिथे माप आकड्यात आहे: टोचलेल्या भोकात जाणाऱ्या भागातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे 0.2 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी निकेल सुटलं पाहिजे.

चांदीबद्दल लोकांचा फार गोंधळ होतो. 925 चांदीत 92.5 टक्के चांदी आणि उरलेलं बहुधा तांबं असतं. निकेल नको असणाऱ्यांना ती सहसा सोसते. ती काळवंडते, कधी बोटावर काळसर-हिरवट डाग उमटतो, तो धुतला की जातो. त्याउलट जर्मन सिल्व्हरमध्ये चांदीचा कणही नसतो. ते तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण. ऑक्सिडाइज्ड म्हणून मिळणारे कितीतरी मोठे कानातले त्याचेच असतात आणि तिथे निकेल थरात नाही, अख्ख्या अंगात भरलेलं असतं. चांदी फारच पांढरी चमकत असेल तर वर रोडियमचा मुलामा असतो. त्याखाली निकेल दिलंय का, तेही विचारून घ्या.

सर्जिकल स्टीलचं नाव ऐकून माणूस निर्धास्त होतो. 316 एल जातीच्या स्टीलमध्ये 10 टक्क्यांहून जास्त निकेल असतं. फक्त ते घट्ट बांधलेलं असतं आणि फार थोडं सुटतं, त्यामुळे बऱ्याच जणांना चालतं. नुसतं ‘स्टेनलेस’ म्हणून मिळणारं बहुतेक 304 असतं. त्यात मॉलिब्डेनम नसल्याने खारट ओलाव्यात त्याला बारीक खड्डे पडतात, आणि समुद्रकाठी हा फरक खरोखरच जाणवतो. कान बरा असताना, निकेलचा त्रास सौम्य असेल तर 316 एल घ्या. चिघळलेल्या पाळीत किंवा नव्या भोकात मी ते सुचवत नाही.

टायटॅनियम हा माझ्या मते त्रास असलेल्यांसाठी पहिल्या क्रमांकाचा पर्याय. शरीरात बसवायच्या प्रतीचं घ्यावं. त्याच्या माहितीत ASTM F136 असं लिहिलेलं असतं. खारं पाणी, घाम, काही लागत नाही, वजन हलकं, आणि थर गेला तरी खाली टायटॅनियमच निघतं. त्यामुळे त्यावरचा सोनेरी थर झिजला तरी फक्त रंग जातो. उणीव अशी, की आपला सोनार ते वितळवून कुडी किंवा बुगडी घडवू शकत नाही. साधे गोळे, रिंगा, आकडे एवढंच तयार मिळतं.

बावीस कॅरेट सोनं 91.6 टक्के, उरलेलं बहुतेक तांबं आणि चांदी. कान टोचताना आपल्याकडे सोन्याची तारच घालत आले, ते योग्यच होतं. निकेलशी वैर पुष्कळदा त्या पहिल्या ताज्या भोकातच सुरू होतं. घेताना सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी BIS Care अ‍ॅपवर तपासा. पण दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही आणि लहान टॉप्स त्यातच मोडतात, तेव्हा बिलावर कॅरेट लिहून घ्याच. पांढऱ्या सोन्यात मात्र पांढरेपणासाठी निकेल घातलेलं असू शकतं. पॅलेडियमचं आहे का ते विचारा.

दांडीला पारदर्शक नेलपॉलिश लावण्याचा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. भोकातून ओढताना ते दोन-तीन वेळांत निघतं, म्हणून खाजणाऱ्या कानासाठी ते उपयोगाचं नाही. अंगठीच्या आतून लावलं तर काही दिवस बोट हिरवं होत नाही.

आतेबहिणीचं आम्ही असं केलं. रोजचे टॉप्स तेच ठेवले, फिरक्या सोन्याच्या करून घेतल्या. सोनं अगदी थोडं लागलं. झुमके तिला फार आवडायचे. त्यांचा आकडा खालच्या कडीत नुसता अडकवलेला होता, तो पकडीने काढून टायटॅनियमचा घातला. आकडा आणि झुमका यांच्यामध्ये कडी असल्याने झुमका पाळीला टेकत नव्हता, हे आधी आरशात पाहून घेतलं. टेकत असता तर आकडा बदलून भागलं नसतं. अंगठी तिने हिरव्या पट्ट्यासकट ठेवली आहे, भांडी घासताना तेवढी काढते. अंगठीखाली साबणाचं पाणी अडकलं की धातू कोणताही असो, बोट सोलवटतं. आता रात्री दागिने कोरड्या फडक्याने पुसून घट्ट झाकणाच्या डबीत, ओल शोषणाऱ्या पुडीसोबत ठेवते.