आयफोनचं कंट्रोल सेंटर डाव्या अंगठ्याखाली आणलं : पाच महिन्यांच्या वापरानंतर

मी द्राक्षबागांना सल्ला देते. दिंडोरी, मोहाडी, पिंपळगाव या पट्ट्यात माझी रोजची फिरती असते. बागेत माझा उजवा हात कधीच मोकळा नसतो. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत त्यात कात्री असते, आणि फेब्रुवारीत माल तयार व्हायला लागला की साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर. म्हणजे फोन डाव्या हातात, आणि काम एकट्या डाव्या अंगठ्याचं. फोन आयफोन 15 प्लस, 6.7 इंची. मोठा स्क्रीन मी फोटोंसाठी घेतला आणि त्याचं मला समाधान आहे. पण टॉर्च, वायफाय अशा बटणांचं पॅनेल, म्हणजे कंट्रोल सेंटर, उघडायचं ते वरच्या उजव्या कोपऱ्यातून, आणि डाव्या अंगठ्याला तोच कोपरा सगळ्यात लांब.

आयओएस 18 आल्यापासून या पॅनेलमधली बटणं आपल्याला हवी तिथे ठेवता येतात, मोठी करता येतात, मध्ये जागा रिकामी सोडता येते. त्याआधी वरचे ठोकळे जागचे हलत नसत, फक्त खालच्यांचा क्रम सेटिंग्जमधून बदलायचा. मी ऑक्टोबरच्या छाटणीत हा बदल केला आणि आता मार्च चालू आहे.

पहिला प्रयत्न फसला. टॉर्च, मोबाइल डेटा आणि हॉटस्पॉट ही माझी तीन रोजची बटणं मी सगळ्यात वरच्या ओळीत नेऊन ठेवली. आपण यादी करताना महत्त्वाचं वर लिहितो ना, तशी. पण अंगठ्याला वर-खाली कळत नाही, त्याला फक्त जवळ-लांब कळतं. दोन दिवसांत फोन वेलींच्या मुळाशी पडला. मग मी ठरवलं की अंगठा कुठे पोहोचतो ते आधी डोळ्यांनी बघायचं. स्क्रीन बंद केला, काच पुसली, अंगठ्याला बोटभर व्हॅसलीन लावलं आणि फोन बागेत धरते तसा धरून अंगठा सहज फिरेल तेवढाच फिरवला. फोन उजेडात तिरपा धरल्यावर काचेवर कमानीसारखा पट्टा दिसला. बटणांची तळाची ओळ त्यात नव्हती, कारण तिथे जायला अंगठा आत मुडपावा लागतो. डाव्या कडेची उभी रांगही जेमतेम होती. पट्टा खरा भरला होता तो तळापासून तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत, चारपैकी दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत. माझी जागा तीच.

पण पॅनेल उघडायलाच वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत जायचं असेल, तर बटणं कुठेही ठेवली तरी पकड एकदा सुटतेच. मांडणी करायच्या आधी उघडण्याचा प्रश्न सोडवायला हवा, हे मला उशिरा कळलं. मी Settings > Accessibility > Touch > Back Tap मध्ये जाऊन फोनच्या पाठीवर टिचकी मारली की कंट्रोल सेंटर उघडेल असं ठेवलं. फोन धरलेल्या हाताच्या तर्जनीनेच टिचकी मारता येते, अंगठा जागचा हलत नाही. सुरुवातीला Double Tap ठेवलं होतं. फोन क्रेटवर ठेवला, गाडीत खड्डा बसला, की पॅनेल आपोआप उघडायचं. Triple Tap केल्यापासून ते थांबलं. जाड कव्हरमधून कधीकधी टिचकी लागत नाही, तेव्हा ॲपलच्या चिन्हाच्या आसपास जरा ठामपणे मारावी लागते. स्क्रीन बंद असताना मात्र हे चालत नाही, आधी फोन जागा करावा लागतो.

हे जमल्यावर मांडणी एका संध्याकाळी झाली. पॅनेल उघडून डाव्या कोपऱ्यातलं + दाबलं की सगळी बटणं हलवता येतात आणि रिकाम्या घरांच्या जागी फिकट गोल दिसतात. इथे एक चूक सगळे करतात, मीही केली. भरलेल्या पानावर एखादं बटण ओढलं की बाकीची सरकून इकडेतिकडे जातात आणि घडी पार विस्कटते. म्हणून आधी उणे चिन्ह दाबून नको ती काढून टाकली, जागा रिकामी केली आणि मग एकेक आणून ठेवलं. ओढताना उजव्या खालच्या कोपऱ्यातली जाड कड धरली गेली तर बटण हलत नाही, मोठं होतं. टॉर्चच्या बाबतीत मला तेच हवं होतं. तळापासून तिसऱ्या ओळीत टॉर्च मी दोन घरं रुंद केला. मिलीबग ही कीड खोडाच्या सुटलेल्या सालीखाली लपलेली असते आणि ती शोधताना माझी नजर खोडावर असते, फोनवर नाही. रुंद बटण न बघता लागतं.

त्याच्या वरच्या ओळीत मोबाइल डेटा आणि हॉटस्पॉट ही सुटी बटणं, Add a Control मधून आणलेली. कनेक्टिव्हिटीचा जो एकत्र चौकोन येतो, त्यात मोबाइल डेटाचं चिन्ह फार बारीक असतं आणि विमान मोड त्याच चौकोनात. मोहाडीच्या एका बागेत माझा अंगठा विमान मोडवर पडला आणि अर्धा तास शेतकऱ्याचे फोन लागले नाहीत. तो बिचारा फवारणी करू की थांबू विचारत होता. तेव्हापासून तो चौकोन वरच्या टोकाला आहे. वायफायलाही मी जवळची जागा दिली नाही. पॅनेलमधून वायफाय बंद केलं तर ते खरं बंद होत नाही, फक्त जोडणी तुटते आणि पहाटे 5 वाजता पुन्हा चालू होतं. खरं बंद करायचं तर सेटिंग्जमध्येच जावं लागतं.

ब्राइटनेस आणि आवाजाच्या उभ्या पट्ट्या अंगठ्याखाली ठेवू नका. पान सरकवायला गेलं की पट्टीच सरकते, आणि भर उन्हात स्क्रीन एकदम काळोखा होतो. माझ्या त्या वर उजवीकडे आहेत. बाकीची पानं मी काढूनच टाकली. एखाद्या पानावरची सगळी बटणं काढली की ते पान निघून जातं. वरून बोट लांब ओढलं तर पॅनेल सरळ गाण्यांच्या पानावर जायचं, तो त्रासही त्यामुळे संपला. तळाच्या दोन ओळी रिकाम्या आहेत, तिथे टेकवलं की पॅनेल बंद होतं.

दादाने माझी मांडणी जशीच्या तशी त्याच्या फोनवर केली आणि दोन दिवसांत म्हणाला, "ताई, हे मला काही जमेना." बरोबरच आहे. तो उजव्या हाताने कोपऱ्यातून ओढतो, त्यामुळे पॅनेल उघडतं तेव्हा त्याचा अंगठा उजव्या कडेला, उंचीच्या मध्यावर असतो. माझी बटणं त्याच्यापासून दोन रांगा लांब पडत होती. त्याच्यासाठी टॉर्च आणि डेटा आम्ही चौथ्या रांगेत, मधल्या ओळींत ठेवले. टिचकीची त्याला गरजच लागली नाही.

ही मांडणी वेगळी जपून ठेवायची सोय मला दिसली नाही. Reset Control Center दाबलं की सगळं मूळपदावर. म्हणून मांडणीचा स्क्रीनशॉट मी फोटोंमध्ये ठेवला आहे.

एक अडचण अजून उरली आहे. फवारणीचे हातमोजे घातले की अंगठा लागतच नाही. तेव्हा टॉर्च लागणार असेल तर मोजे चढवायच्या आधीच लावून फोन शर्टाच्या खिशात उभा ठेवते.